आठ बाय चारच्या रेज्ड बेडला मातीच्या आणि मल्चच्या किती पिशव्या लागतील? मोजमापापासून खरेदीपर्यंत

अमेरिकेत स्वतःचे अंगण मिळाल्यावर मिरची, वांगी, मेथी, कोथिंबीर लावावी, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते आणि त्यासाठी लाकडी चौकटीचा उंच वाफा, म्हणजेच रेज्ड बेड, बांधला जातो. चौकट एका दुपारी उभी राहते. खरा गोंधळ बागकामाच्या दुकानात सुरू होतो, कारण एका पिशवीवर ०.७५ क्यूबिक फूट लिहिलेले असते, दुसरीवर १.५, मल्चच्या, म्हणजे मातीवर पसरायच्या आच्छादनाच्या, पिशवीवर २, कुठे फक्त ४० पौंड, तर ट्रकने माती देणारा विक्रेता फोनवर ‘किती यार्ड हवी?’ असे विचारतो. मी माझे वाफे भरताना आणि नंतर ओळखीच्या काही कुटुंबांना मदत करताना जी पद्धत वापरली, ती येथे क्रमाने देत आहे. उदाहरण एकच घेतले आहे, ते म्हणजे सर्वाधिक प्रचलित असलेला आठ फूट लांब आणि चार फूट रुंद वाफा. तुमची मापे वेगळी असली तरी पायऱ्या त्याच राहतील.

लागणारे साहित्य

- मोजपट्टी, कागद आणि पेन्सिल
- चौकटीची कड समतल आहे का, हे पाहण्यासाठी स्पिरिट लेव्हल
- पाच गॅलनची एक बादली
- सुटी माती मागवणार असाल तर मोठी ताडपत्री, फावडे आणि एकचाकी ढकलगाडी
- दुकानाची पावती, कारण न फोडलेल्या पिशव्या अनेक दुकाने पावती दाखवल्यावर परत घेतात

१. चौकट आतून मोजा

लाकडाच्या दुकानात ज्या फळीला ‘टू बाय सिक्स’ म्हणतात, ती प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद असते, कारण नावातले आकडे रंधा मारण्यापूर्वीच्या लाकडाचे असतात. त्यामुळे अशा दोन फळ्या एकावर एक रचल्या की उंची बारा इंच न होता अकरा इंच होते. ‘टू बाय ट्वेल्व्ह’ ही एकच फळी वापरली, तर उंची सव्वाअकरा इंच मिळते.

लांबी-रुंदीचेही असेच आहे. आमच्या उदाहरणात आठ फुटी फळ्या बाहेरच्या बाजूला आहेत आणि चार फुटी फळ्या त्यांच्या दोन टोकांमध्ये बसवल्या आहेत. म्हणजे आतली रुंदी पूर्ण ४८ इंच मिळते, परंतु आतल्या लांबीतून दोन फळ्यांची जाडी, म्हणजे तीन इंच, वजा होतात आणि ९६ ऐवजी ९३ इंच उरतात. ९३ इंच म्हणजे ७.७५ फूट. त्याला ४ फुटांनी गुणले की क्षेत्रफळ ३१ चौरस फूट येते. सांधा उलट पद्धतीने केला असेल, तर आतले माप ९६ बाय ४५ इंच, म्हणजे ३० चौरस फूट होईल. म्हणून कागदावरच्या आराखड्यावर विसंबू नका, चौकट उभी राहिल्यावर मोजपट्टी आत घालून मोजा.

२. खोली ठरवा: फळीची उंची आणि मातीची खोली एक नव्हे

माती काठोकाठ भरली, तर पहिल्याच जोरदार पावसात किंवा पाण्याच्या झोताखाली ती फळीवरून वाहून जाते आणि मल्चला जागाच उरत नाही. अकरा इंचांच्या चौकटीत मी वरचे दोन इंच मल्चसाठी सोडतो आणि मातीची खोली नऊ इंच धरतो. वाफ्याला तळ नसेल आणि खालची जमीन खणून सैल केलेली असेल, तर मिरची-वांग्याची मुळे या नऊ इंचांच्या खालीही उतरतात, त्यामुळे ही खोली पुरेशी ठरते. खाली गवत मारण्यासाठी पुठ्ठा अंथरला असेल, तर त्याची जाडी हिशेबात धरण्याची गरज नाही. वाफा काँक्रीटवर ठेवणार असाल, तर मात्र सगळी मुळे चौकटीतच वाढणार असल्याने अधिक उंच चौकट बांधणेच योग्य.

अंगणाला उतार असेल, तर खोली सगळीकडे सारखी नसते. प्रथम चौकटीची वरची कड स्पिरिट लेव्हलने समतल करा, मग चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा आणि पाचही आकड्यांची सरासरी काढा. समजा एका टोकाला अकरा इंच आणि दुसऱ्या टोकाला पंधरा इंच भरले, तर सरासरी तेरा इंच होते आणि मल्चचे दोन इंच वजा जाता मातीची खोली अकरा इंच धरावी लागते. आपल्या ३१ चौरस फुटांच्या वाफ्यात हे जास्तीचे दोन इंच म्हणजे पाच घनफुटांहून थोडी अधिक माती होते. उताराच्या अंगणात पिशव्या कमी पडण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

३. क्षेत्रफळ आणि खोलीवरून घनफूट काढा

क्षेत्रफळ फुटांत आणि खोली इंचांत असते, आणि चूक नेमकी येथे होते. ३१ ला थेट ९ ने गुणले, तर २७९ हा आकडा येतो आणि तो घनफुटांचा नसतो. इंचांचे फूट करण्यासाठी १२ ने भागावेच लागते:

क्षेत्रफळ (चौरस फूट) × खोली (इंच) ÷ १२ = घनफूट

आपल्या वाफ्यासाठी ३१ × ९ ÷ १२ = २३.२५ घनफूट.

उत्तर बरोबर आहे का, हे पडताळण्याची एक सोपी रीत ध्यानात ठेवा. बारा चौरस फुटांवर एक इंच जाडीचा थर म्हणजे एक घनफूट. म्हणजे ३१ चौरस फुटांवरच्या प्रत्येक इंचाला साधारण २.६ घनफूट लागतात आणि नऊ इंचांना साडेतेवीसच्या आसपास. तुमचे उत्तर याच्या जवळ नसेल, तर कुठेतरी इंच आणि फूट एकमेकांत मिसळले आहेत.

चौकटीच्या नावावर जाऊन आठ गुणिले चार गुणिले एक असा हिशेब केला असता, तर ३२ घनफूट आले असते, म्हणजे प्रत्यक्षातल्या गरजेपेक्षा जवळजवळ नऊ घनफूट जास्त.

४. दबण्याची तूट आधीच मिळवा

पिशवीतून नुकतीच ओतलेली माती पोकळ असते. तिच्यावर पाणी पडले की कणांमधली हवा निघून जाते आणि पातळी खाली येते. माती आणि कंपोस्ट एकत्र केल्यावर आणखी थोडी घट होते, कारण बारीक कण मोठ्या कणांच्या फटींत जाऊन बसतात. म्हणून दहा घनफूट माती आणि पाच घनफूट कंपोस्ट मिसळून पूर्ण पंधरा घनफूट कधीच भरत नाही. माती-कंपोस्टच्या मिश्रणासाठी मी १५ टक्के जास्त धरतो. ‘रेज्ड बेड मिक्स’ या नावाने मिळणाऱ्या हलक्या मिश्रणांत लाकडाचा भुसा आणि सालीचे बारीक तुकडे पुष्कळ असतात, त्यामुळे ती अधिक दबतात. त्यांच्यासाठी २० टक्के धरणे बरे.

२३.२५ × १.१५ = २६.७ घनफूट.

ही वाढ पिशव्यांनी भागण्याच्या आधी करायची असते. पिशव्यांची संख्या काढून, ती वरच्या पूर्णांकात नेऊन, मग पुन्हा १५ टक्के वाढवले, तर विनाकारण जास्त खरेदी होते.

५. माती आणि कंपोस्टची वाटणी करा

नुसत्या टॉपसॉइलने वाफा भरू नये. स्वस्त पिशवीतली टॉपसॉइल हिरवळीतले खड्डे बुजवण्यासाठी ठीक असते, पण चौकटीत एकटी भरली की पाण्याने घट्ट बसते आणि वरून कडक पापुद्रा धरते. याच्या उलट, नुसत्या कंपोस्टने भरलेला वाफा पहिल्या वर्षी हिरवागार दिसतो, परंतु कंपोस्ट कुजत राहिल्याने पातळी झपाट्याने खाली जाते आणि फॉस्फरस व क्षारांचे प्रमाण गरजेपेक्षा जास्त होते. ज्यांच्या घरी ‘खत जितके जास्त तितके चांगले’ अशी समजूत आहे, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

मी दोन भाग माती आणि एक भाग कंपोस्ट असे प्रमाण ठेवतो. २६.७ घनफुटांचे सोयीसाठी २७ धरले, तर १८ घनफूट टॉपसॉइल आणि ९ घनफूट कंपोस्ट लागेल.

‘पॉटिंग मिक्स’ कुंड्यांसाठी असते. त्यात खनिज माती जवळजवळ नसते आणि एवढ्या आकारमानासाठी ते महागात पडते. ‘गार्डन सॉइल’ हे बहुधा जमिनीतल्या मातीत मिसळण्यासाठी केलेले असते, तेव्हा पिशवीच्या मागच्या बाजूचा मजकूर वाचूनच ते घ्यावे.

६. पिशव्यांची संख्या काढा

आता प्रत्येक घटकाचे घनफूट त्याच्या पिशवीच्या घनफुटांनी भागा आणि उत्तर अपूर्णांकात आले, तर वरचा पूर्णांक घ्या.

- टॉपसॉइल: १८ ÷ ०.७५ = २४ पिशव्या
- कंपोस्ट, एक घनफुटाच्या पिशव्या: ९ ÷ १ = ९ पिशव्या

०.७५ या आकड्याने भागताना पुष्कळ जण नकळत गुणाकार करतात आणि उत्तर साडेतेरा येते. एक पिशवी एका घनफुटाहून लहान असेल, तर पिशव्यांची संख्या घनफुटांहून मोठीच यायला हवी, एवढे पाहिले की चूक लगेच लक्षात येते.

पिशवीवर फक्त वजन लिहिलेले असेल, तर हिशेब अडतो, कारण वजन ओलाव्यानुसार बदलते. ओली माती भरलेल्या ४० पौंडांच्या पिशवीतली माती तेवढ्याच वजनाच्या कोरड्या पिशवीतल्या मातीपेक्षा कमी जागा भरते. अशा वेळी आधी एकच पिशवी आणा आणि ती पाच गॅलनच्या बादलीत न दाबता ओतून पाहा. पाच गॅलन म्हणजे ०.६७ घनफूट, अर्थात दीड बादली म्हणजे एक घनफूट. पिशवीने बादली कुठपर्यंत भरली, ते पाहून तिचे खरे आकारमान कळते आणि मग बाकीच्या पिशव्या ठरवता येतात. महाराष्ट्रात रोपवाटिकेतून किलोवर माती आणि शेणखत घेणाऱ्यांनाही हीच पद्धत लागू पडते. फक्त बादली लिटरची असेल, तर एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर हे प्रमाण धरावे.

पीट मॉसचा दाबलेला गठ्ठा किंवा कोकोपीटची वीट घेत असाल, तर वेष्टनावरचा आकडा दाबलेल्या स्थितीतला आहे की फुलल्यानंतरचा, हे नीट वाचा. हिशेबात फुलल्यानंतरचा आकडा धरायचा असतो.

७. पिशव्या की सुटी माती, हे ठरवा

सुटी माती घनयार्डावर विकली जाते. यार्ड म्हणजे तीन फूट, म्हणून घनयार्ड म्हणजे तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे २७ घनफूट. आपल्याकडे घरबांधणीच्या वाळूचा हिशेब ब्रासमध्ये होतो आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. त्या हिशेबाने एक यार्ड पाव ब्रासपेक्षा किंचित जास्त होतो. गावाकडे वाळूची ट्रॉली रिकामी होताना पाहिली असेल, त्यांना यावरून ढिगाचा अंदाज येईल. आपल्या उदाहरणातल्या वाफ्याला तूट धरून २६.७ घनफूट लागतात, म्हणजे जवळजवळ एक यार्ड.

कोणता पर्याय स्वस्त, हे पिशवीच्या किमतीवरून कळत नाही, एका घनफुटाची किंमत काढावी लागते. समजा ०.७५ घनफुटाची पिशवी तीन डॉलरला आणि दीड घनफुटाची नऊ डॉलरला मिळते. पहिलीत एका घनफुटाला चार डॉलर पडतात, दुसरीत सहा. आता समजा सुटी माती यार्डाला ५० डॉलर आणि ट्रकचे भाडे ८० डॉलर आहे. एका यार्डासाठी १३० ला २७ ने भागले की घनफुटाला सुमारे ४.८० डॉलर येतात, पण दोन वाफ्यांसाठी दोन यार्ड मागवले, तर १८० भागिले ५४, म्हणजे ३.३३ डॉलर. भाडे एकदाच पडत असल्याने एकाच वाफ्यासाठी पिशव्या आणि दोन किंवा अधिक वाफ्यांसाठी सुटी माती, असा निर्णय साधारणपणे योग्य ठरतो. तुमच्या भागातले खरे दर घालून हा हिशेब करून पाहा. शेजाऱ्याबरोबर मिळून एकच ट्रक मागवणे हाही उत्तम मार्ग आहे.

सुटी माती मागवताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: माती चाळलेली आहे का, तिच्यात कंपोस्ट मिसळलेले आहे का आणि असल्यास किती, आणि कमीत कमी किती यार्ड आणून देतात. ढीग रस्त्यावर न टाकता ड्राइव्हवेवर ताडपत्री अंथरून तिच्यावर टाकून घ्या आणि पावसाची चिन्हे असतील, तर वरूनही झाका, कारण भिजलेली माती फावड्याला चिकटते आणि ढकलगाडीचे वजन अवघड करते.

वजनाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. ०.७५ घनफुटाची टॉपसॉइलची पिशवी ४० पौंडांच्या आसपास भरते आणि कंपोस्टची एक घनफुटाची पिशवीही साधारण तेवढीच. ३३ पिशव्यांचे वजन १,३०० पौंडांच्या पुढे, म्हणजे सुमारे ६०० किलो होते. चालकाच्या बाजूचे दार उघडल्यावर चौकटीवर एक चिकटपट्टी दिसते, तिच्यावर माणसे आणि सामान मिळून गाडीने जास्तीत जास्त किती वजन वाहावे, हे छापलेले असते. साध्या सेडानमध्ये हा आकडा बहुधा ८५० ते ९०० पौंड असतो. दोन माणसे बसल्यावर तेरा-चौदा पिशव्यांपलीकडे जागा उरो वा न उरो, वजनाची मर्यादा संपते. म्हणून तीन फेऱ्या धरा किंवा दुकानातून घरपोच मागवा. सुट्या मातीचा एक यार्ड २,००० पौंडांच्या आसपास किंवा ओला असल्यास त्याहूनही जड असतो, त्यामुळे मित्राच्या लहान पिकअपमध्ये पूर्ण यार्ड घालून आणण्याचा विचार करू नका, अर्धा यार्ड पुरे.

८. मल्चचा हिशेब वेगळा करा

मल्च, ज्याला शेतीच्या भाषेत आपण आच्छादन म्हणतो, ते मातीत मिसळायचे नसते, वरून पसरायचे असते. म्हणून त्याचे घनफूट मातीच्या हिशेबात धरू नयेत. लाकडाचे मल्च मातीत कालवले, तर ते कुजताना मातीतला नत्र ओढून घेते आणि रोपे पिवळी पडतात.

३१ × २ ÷ १२ = ५.१७ घनफूट. मल्चची पिशवी साधारणतः दोन घनफुटांची असते, म्हणून ५.१७ ÷ २ = २.६, म्हणजे तीन पिशव्या. उरलेले थोडे मल्च उन्हाळ्यात थर विरळ झाल्यावर कामी येते. पडताळा असा की, दोन घनफुटांची पिशवी दोन इंच जाडीने बारा चौरस फूट झाकते आणि तीन इंच जाडीने आठ चौरस फूट.

मिरची, वांगी, टोमॅटोची रोपे लावल्यावर मल्च लगेच पसरावे, मात्र खोडाभोवती दोन-तीन बोटे जागा मोकळी ठेवावी, अन्यथा ओलाव्याने खोड कुजते. मेथी, कोथिंबीर, पालक यांचे बी ज्या भागात पेरणार, तेथे बी उगवून रोपे बोटभर होईपर्यंत मल्च घालू नये. वाफ्याचा एक तृतीयांश भाग पालेभाज्यांसाठी असेल, तर सुरुवातीला जेमतेम २०.७ चौरस फूटच झाकायचे असतात आणि त्याला साडेतीन घनफूट, म्हणजे दोन पिशव्या पुरतात. तिसरी नंतर आणली तरी चालते.

९. थराथराने भरा आणि पातळी तपासा

सगळ्या पिशव्या एकदम फोडू नका. प्रत्येक थरासाठी टॉपसॉइलच्या आठ आणि कंपोस्टच्या तीन पिशव्या घेतल्या, तर २४ आणि ९ पिशव्यांचे तीन समान थर होतात. प्रत्येक थर फावड्याने खालीवर करून मिसळा आणि त्याच्यावर झारीने पाणी घाला. पाय देऊन माती दाबू नका, पाण्याने ती बसू द्या. शेवटच्या थरातल्या दोन-तीन पिशव्या बाजूला ठेवा, रात्रभर जाऊ द्या आणि सकाळी कडेपासून मातीपर्यंतचे अंतर मोजपट्टीने चार-पाच ठिकाणी मोजा. ते दोन इंच असेल, तर हिशेब जुळला. तीन इंच असेल, तर एका इंचाला २.६ घनफूट लागतात, म्हणजे बाजूला ठेवलेल्या पिशव्या फोडा. दीड इंच असेल, तर त्या पावतीसह परत करा.

१०. पुढच्या वसंतात किती लागेल

कंपोस्ट कुजत असल्याने पहिल्या हिवाळ्यानंतर पातळी पुन्हा उतरलेली दिसेल. जुने मल्च बाजूला सारून आधी मोजा. ते न सारता मोजले, तर घट प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. दीड इंच घट झाली असेल, तर ३१ × १.५ ÷ १२ = ३.९ घनफूट, म्हणजे एक घनफुटाच्या चार पिशव्या. यात कंपोस्टचे प्रमाण मातीपेक्षा जास्त ठेवले तरी चालते, कारण जे कुजून गेले आहे ते प्रामुख्याने कंपोस्टच असते. मात्र घट एक इंचाहून कमी असेल, तर एक-दोन पिशव्या वरच्या थरात मिसळून थांबा आणि बाजूला सारलेले मल्च पुन्हा वरून पसरा.